क्राऊन-फ्लिंटची शक्ती कशी वाटायची

> "एक मीटर नाभीय अंतराचं दुर्बिणीचं भिंग करतोय. क्राऊन आणि फ्लिंटची शक्ती किती ठेवू?"

BK7 या क्राऊन काचेचा आबे अंक 64.2, F2 या फ्लिंट काचेचा 36.4; हा अंक जितका मोठा, तितकी काच रंग कमी फाकवते. प्रत्येक भिंगाची शक्ती भागिले त्याचा आबे अंक, यांची बेरीज शून्य यायला हवी. म्हणजे क्राऊनने फाकवलेले रंग फ्लिंट पुन्हा जवळ आणतं. शिवाय दोन्ही शक्तींची बेरीज एक मीटरच्या भिंगाइतकी हवी. शक्ती म्हणजे एक भागिले नाभीय अंतर, त्यावरून नाभीय अंतरं: क्राऊन बहिर्गोल 433 मिमी, फ्लिंट अंतर्गोल 764 मिमी.

यात लाल आणि निळा एकत्र येतात. हिरवा मात्र साधारण अर्धा मिलिमीटर अलीकडेच राहतो. मुलुंडच्या गच्चीवरून मला शुक्राभोवती फिकट जांभळं वलय दिसतं, ते यामुळेच. पण डोक्यावरच्या ताऱ्याला एका बाजूला लाल, दुसरीकडे निळी किनार दिसली, तर भिंगं एका अक्षावर नाहीत. ती आधी सरळ करा.