मदत हवी आहे: फोटोवरून शाओमीचा 'मी बँड' ५ की ६ कसा ओळखायचा?

सेकंडहँड बँड घ्यायचाय, विकणारा म्हणतो ६ आहे पण बॉक्स नाही, बिल नाही, चार्जिंग संपलंय म्हणून स्क्रीन पण बंद. फोटो तीनच आलेत, पुढचा, मागचा आणि चार्जरचा.

चार्जर दोन पिनांचा मॅग्नेटवाला आहे, मागून टक्कन चिकटणारा, म्हणजे ३ आणि ४ बाद, कारण त्यांची स्क्रीनवाली गोळी पट्ट्यातून काढून खाचेत बसवायला लागते. पट्टा रबरी, अख्खा एकच, म्हणून ८ पण नाही, त्याला दोन तुकडे असतात. पण ५ आणि ६ ला पट्टा आणि चार्जर दोन्ही सेमच, तिथेच गाडी अडलीये.

५ ला स्क्रीनखाली गोल टच बटण असतं, ६ ला नसतं, हे माहितीये, पण फोटोत नेमकी तिथेच ट्यूबलाइट चमकतेय. मागचं मॉडेल नंबरचं बारीक अक्षर (५ ला XMSH10HM, ६ ला XMSH15HM) झूम केलं की नुसतं धूसर. दुसरा फोटो मागितला तर तो 'येऊन बघा' म्हणतो, आणि तो राहतो दुसऱ्या गावात.

६ ला ऑक्सिजन मोजायची सोय आहे, ५ ला नाही. मग बँड बंद असताना मागच्या सेन्सरच्या काचेत काही फरक दिसतो का, आणि नेमका कुठे बघायचा?