आभाराच्या मेलमध्ये सगळं विश्लेषण जोडायचं का?

> "नोकरीच्या मुलाखतीतल्या केस स्टडीत वेळ संपला, अर्धं विश्लेषण दाखवायचं राहिलं. आभाराच्या मेलला पूर्ण एक्सेल जोडू का?"

जोडू नका, देऊ करा. न मागता आलेली आठ शीटची फाइल सहसा कोणी उघडत नाही, आणि उघडलीच तर एखादा अर्धवट फॉर्म्युला नेमका तिथेच सापडतो.

आभाराचा मेल मात्र लगेच पाठवा, त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत जाऊ द्या. पण नुसते आभार नकोत. पॅनेलनं विचारलेला आणि तुम्ही घाईत उरकलेला एक प्रश्न घ्या. समजा, तुम्ही किंमत 10 टक्के वाढवायला सुचवलं, 5 टक्के ग्राहक जातील असं धरलं, आणि कोणी विचारलं, "जास्त गेले तर?" मग असं लिहा:

"आज वेळ दिल्याबद्दल आभार. ग्राहकगळतीच्या आपल्या प्रश्नाबाबत: 5 टक्के गेले तर महसूल 4.5 टक्के वाढतो. साधारण 9 टक्के गेले की वाढ संपते. ग्राहकगटांनुसार केलेली आकडेमोड तयार आहे. उपयोगी वाटल्यास पाठवतो."

बस, एवढंच. आकडे स्लाइडशी जुळतायत ना, ते पाहून घ्या. सादरीकरणानंतर काही बदललं असेल तर तसं स्पष्ट लिहा, गुपचूप सुधारलेली आवृत्ती पाठवू नका.

डेटा कंपनीनं दिलेला असेल तर सगळ्यांना उघडणारी ड्राइव्हची लिंक अजिबात नको. मेल एचआरमार्फतच जाणार असेल, तर पॅनेलपर्यंत पोचवायची विनंती वरच करा.