मदत हवी आहे: नकाशाच्या फोटोवरून दारं, खिडक्या, भिंती, जिना कसे ओळखायचे?

ओंजळ

आमच्या जुन्या दुमजली घराचा नकाशा मामाकडे आहे. त्याने दोन्ही मजल्यांच्या कागदांचे फोटो मोबाइलवर काढून पाठवले. घर भाड्याने दिलंय, त्यामुळे सारखं आत जाऊन मोजता येत नाही. कागदाची खालची पट्टी ओलीने फाटून गेली आहे. शीर्षक, खुणांची यादी, प्रमाण सगळं त्यातच गेलं. कुठला फोटो कुठल्या मजल्याचा हेही मामाला सांगता येत नाही.

माझ्या अडचणी अशा:

एका खोलीत आतली मापं 3600 आणि 3000 अशी लिहिलेली दिसतात. खालच्या भिंतीत दार आहे, वरच्या भिंतीत बहुतेक खिडकी. 3600ची खालची भिंत स्क्रीनवर 720 पिक्सेल भरली, म्हणजे एका पिक्सेलला 5 मिमी. दार 180 पिक्सेल, म्हणून 900. खिडकी 220 पिक्सेल, म्हणून 1100. इथवर ठीक. पण दाराची उघडलेली फळी मोजली तर 168च पिक्सेल भरते. दार चौकटीपेक्षा लहान कसं?

बाथरूमला खिडकीच नाही असं दिसतंय, हे शक्य वाटत नाही. त्याच खोलीत एका भिंतीला चिकटून एक लांबट, फिकट चौकोन आहे. आणि जिना! एका कागदावर सात रेषा ठळक, मग तिरकी नागमोडी रेघ, पुढे धूसर. दुसऱ्यावर सगळ्या रेषा सारख्या. दोन्हीवर बाण आहेत, अक्षरं वाचता येत नाहीत.

निवांत

सोपं आहे. पाव वर्तुळ म्हणजे दार, भिंतीत दोन-तीन समांतर रेषा म्हणजे खिडकी, भरीव काळं म्हणजे कॉलम. फिकट तुटक चौकोन म्हणजे पाडायची भिंत, आमच्या नूतनीकरणाच्या नकाशात तसंच होतं. जिन्याचा बाण नेहमी वर चढायच्या दिशेने असतो. असे नकाशे बहुतेक 1:100 असतात, तेव्हा फोटोची प्रिंट काढा आणि पट्टीने मोजा.

पिक्सेलवाला

दारं प्रोग्रामने ओळखायला OpenCVचं `cv2.HoughCircles` वापरू नका, मी त्यात दोन आठवडे घालवले. ते पूर्ण वर्तुळं शोधतं. इथे पाव वर्तुळ असतं, आणि फोटो तिरका असला तर ते वर्तुळही राहत नाही, लंबवर्तुळाचा तुकडा होतो. मला संडासाचं भांडं 'दार' म्हणून सापडत होतं. तुमच्याकडे किती नकाशे आहेत?

ओंजळ

पिक्सेलवाला, दोनच! मला प्रोग्राम लिहायचा नाहीये, डोळ्यांनीच वाचायचंय. पण लंबवर्तुळाचं काय म्हणालात ते जरा सांगा, माझं पाव वर्तुळही चपटं दिसतंय.

काटकोन

मी पंचवीस वर्षं ड्रॉइंग बोर्डावर आणि नंतर कॉम्प्युटरवर नकाशे काढले. निवांत यांनी दार-खिडकीच्या खुणा बरोबर सांगितल्या, पण प्रिंट काढून पट्टी लावायचं मुळीच करू नका. कागदाला प्रमाण असतं, फोटोला नसतं.

आधी दाराचं बघू. प्लॅनमध्ये फळी काटकोनात उघडलेली दाखवतात आणि तिचं टोक जो कंस काढतं त्याचं केंद्र बिजागरीवर असतं. त्यामुळे फळीची लांबी आणि चौकटीतलं अंतर कागदावर जवळजवळ सारखंच असायला हवं. तुमच्या फोटोत ते 168 आणि 180 आहे. दार लहान नाही, फोटो तिरका आहे. मामाने कॅमेरा कागदाच्या खालच्या बाजूला धरून वरच्या बाजूकडे बघत फोटो काढला असणार, म्हणून उभी लांबी दबली. कंस चपटा दिसतो तोही त्यामुळेच. एका अर्थी हे चांगलंच आहे, प्रत्येक दार फोटो किती दबलाय ते सांगतं.

आता त्याच खोलीची वरची भिंत किती पिक्सेल आहे ते मोजा. तीही 3600चीच आहे.

ओंजळ

660.

काटकोन

मग तिथे एक पिक्सेल म्हणजे 3600 भागिले 660, साधारण 5.45 मिमी. खिडकी 220 पिक्सेल, म्हणजे 1200. तुमच्या 1100मध्ये 10 सेंटीमीटर गेले होते. खालच्या भिंतीचं माप वरच्या भिंतीला लावलं की असं होतं.

फोटो सरळ करायचा असेल तर कागदाच्या कडा धरू नका, कागद ओलीने फाटलाय, वाकडाही झाला असेल. माप लिहिलेल्या एखाद्या खोलीचे चार कोपरे धरा. पिक्सेलवाला ते नीट सांगतील. मात्र चार कोपऱ्यांनी तिरकेपणाच जातो. घडीचा उंचवटा किंवा कागदाचा फुगवटा जात नाही, म्हणून सरळ केल्यावर दुसऱ्या खोलीचं लिहिलेलं माप पडताळून बघायचंच.

पिक्सेलवाला

हो, याला फक्त दोन ओळी लागतात. `src` मध्ये फोटोतले चार कोपरे, `dst` मध्ये 720 बाय 600 चा आयत (3600 आणि 3000ला 5ने भागून), दोन्हींत कोपऱ्यांचा क्रम तोच आणि आकडे `float32`:

```
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
out = cv2.warpPerspective(img, M, (720, 600))
```

यातून ती खोलीच बाहेर येते. पूर्ण नकाशा हवा असेल तर `dst` मधला आयत आत सरकवा आणि शेवटचे आकडे मोठे करा. प्रोग्राम नको असेल तर फोनमधल्या कागद स्कॅन करायच्या सोयीत कोपरे हाताने ओढता येतात. तिथे रंगीत पर्याय ठेवा. काळा-पांढरा निवडला की फिकट रेषा साफ उडतात.

काटकोन

त्यांच्या शेवटच्या वाक्यातच ओंजळ यांच्या बाकीच्या प्रश्नांचं मूळ आहे.

प्लॅन म्हणजे घर जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर आडवं कापून वरून खाली बघायचं. जे कापलं गेलं ते जाड रेषेत, म्हणजे भिंती आणि कॉलम. जे कापाच्या खाली आहे ते बारीक रेषेत, म्हणजे खिडकीची कड, ओटा, पायऱ्या. जे कापाच्या वर आहे ते तुटक रेषेत. म्हणजे निम्मा अर्थ रेषेच्या जाडीत आणि तुटकपणात असतो. फोटो नेमका तोच खातो.

हिशेब करून बघा. मोठा कागद 841 मिमी लांबीचा धरू. पाठवताना लहान झालेला फोटो 1600 पिक्सेल रुंद असेल, तर एका मिलिमीटरला दोन पिक्सेलही येत नाहीत. बारीक रेष 0.18 मिमीची. ती पिक्सेलच्या एक तृतीयांश एवढी उरते, म्हणजे राखाडी डाग. तुटक रेषेतल्या फटी भरून ती सलग दिसते, नाहीतर ती सगळीच पुसली जाते.

बाथरूमची खिडकी तशीच गेली असावी. ती डोक्यापेक्षा वर असते, कापात येत नाही, म्हणून तिथे भिंत सलग दाखवून त्यावर तुटक रेषा काढतात. त्या गेल्या की भिंत कोरी. तुमचा फिकट लांबट चौकोनही मला वर टांगलेला माळा वाटतो. पाडायच्या भिंती तुटक दाखवतात हे निवांत यांचं खरं आहे, पण दुरुस्तीच्या नकाशात. हा मूळ बांधकामाचा दिसतो.

मामांना सांगा, कागद सपाट ठेवून, वरून सरळ, चार तुकड्यांत फोटो काढा आणि मूळ फाइल पाठवा, आकार कमी न करता. 4000 पिक्सेलचा एक फोटो अर्ध्या लांबीवर आला तर मिलिमीटरला साडेनऊ पिक्सेल मिळतात, आणि 0.18ची रेष पावणेदोन पिक्सेलची होते. तेवढं पुरतं.

आजोळ

जिन्याचं माझं ऐका. आम्ही बाणाच्या दिशेने चढ धरून रेलिंगचा आराखडा दिला. निघालं उलटंच! तो बाण त्या मजल्यावरून खाली जाणारा होता, शेजारी 'डाउन' होतं, ते झेरॉक्समध्ये गेलेलं. कारागिराने अर्धं काम पुन्हा केलं, पैसे आमचेच गेले. बाणावर विश्वास ठेवू नका एवढंच सांगते.

निवांत

आमच्याकडच्या सगळ्या नकाशांत बाण वरच जातो. तुमचा नकाशाच चुकीचा असेल.

काटकोन

दोन्ही पद्धती आहेत. काही ऑफिसांत बाण कायम चढाकडे, काहींत त्या मजल्यावर उभं राहून निघायची दिशा आणि शेजारी 'अप' किंवा 'डाउन'. अक्षरं गेली तर नुसत्या बाणावरून ठरत नाही. नागमोडी रेघ जास्त भरवशाची. ती जिना कापला गेला त्या जागी असते, म्हणजे तिथून वर जाणारा जिना आहेच. पायरी 175 मिमी उंच असेल तर 1.2 मीटर सातव्या पायरीत येतं. तुमच्या सात रेषा त्याला जुळतात, पण काढणारे ती रेघ सोयीने कुठेही टाकतात, तेव्हा त्यावर फार जाऊ नका. खरा प्रश्न रेघेच्या पलीकडे काय आहे हा. सलग रेषा असतील तर खालून येणारा जिनाही आहे. तुटक असतील तर तोच जिना वरून चाललाय आणि हा तळमजला आहे.

ओंजळ

मामाने काल तुकड्यांत फोटो काढले. नागमोडी रेघेपलीकडे तुटकच आहे! पायऱ्यांना आकडेही दिसले, बाणाच्या शेपटीशी 1 आणि शेवटी 17. दुसऱ्या कागदावर नागमोडी रेघच नाही, सगळं सलग.

बाथरूमच्या भिंतीत दोन छोट्या तुटक रेषा सापडल्या. लांबट चौकोनही तुटक आहे.

काटकोन

मग पहिला तळमजला आणि दुसरा वरचा, तिथून जिना फक्त खाली जातो. 17 चढ 175ने 2975 होतात, मजल्याची उंची तीन मीटरच्या आसपास, पटतंय. आता एखाद्या भिंतीचं लिहिलेलं माप सरळ केलेल्या फोटोत जुळतंय का ते बघा.

ओंजळ

शेजारच्या खोलीत 2400 लिहिलंय, फोटोत 2430 येतं. मध्ये कागदाची घडी आहे. चालेल का?

आणि एक राहिलं. जिन्याशेजारी एक चौकोन आहे, त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली.

काटकोन

घडी असेल तर 30 मिमी म्हणजे ठीकच. खोल्यांची मांडणी समजायला पुरेल, कपाट बनवायला नाही. त्यासाठी भाडेकरूंना विचारून एकदा टेप लावाच.

फुली म्हणजे बहुतेक स्लॅबमधली मोकळी जागा, नळांची डक्ट वगैरे.

आजोळ

आमच्या नकाशात तशीच फुली पूर्ण उंचीच्या कपाटाला होती.

काटकोन

तेही काढतात. दोन्ही मजल्यांवर त्याच जागी फुली आहे का? असेल तर डक्टकडे झुकेन. तरी खुणांची यादी फाटल्यामुळे छातीठोक सांगणार नाही.

ओंजळ

वरच्या मजल्याच्या कागदाला त्याच जागी घडीची चीर आहे. मामाला पुन्हा बघायला सांगते.