पोर्ट्रेट मोडच्या डेप्थ मॅपवरून पार्श्वभूमी कापावी का?

केतकी: आमच्या हौशी नाट्यसंस्थेच्या स्मरणिकेसाठी ३२ कलाकारांची अर्धाकृती छायाचित्रे मी आयफोन ८ प्लसवर पोर्ट्रेट मोडमध्ये घेतली आहेत. मागे बांबूचे बेट आहे आणि अनेकींच्या साड्याही हिरव्या आहेत, त्यामुळे रंगावरून निवड करता येत नाही. फोनने साठवलेल्या डेप्थ मॅपवरून पार्श्वभूमी थेट कापावी, की कडा हातानेच आखाव्यात?

हरिहर: थेट कापा. डेप्थ मॅपला साडीचा रंग दिसतच नाही. त्यात जवळचे उजळ आणि लांबचे काळे एवढेच असते, म्हणून हिरव्यावर हिरवे ही तुमची अडचण तिथे उरत नाही. मूळ HEIC फाइल संगणकावर घेऊन पुढील आज्ञा चालवा.

```
heif-convert --with-aux IMG_1.HEIC photo.png
convert photo-depth.png -resize '3024x4032!' -level 55%,65% mask.png
convert photo.png mask.png -alpha off -compose CopyOpacity -composite out.png
```

डेप्थ मॅप आडवा निघाला तर तो आधी फिरवून घ्या. एका छायाचित्रावर टक्केवारी जुळली की उरलेली ३१ एका दमात होतील.

मृद्गंध: शेवटचे वाक्य मला मान्य नाही. या फाइलमधील डेप्थ मॅप ८ बिटांचा असतो आणि त्याचा काळा व पांढरा हे त्या-त्या दृश्यातील सर्वांत लांबच्या आणि सर्वांत जवळच्या बिंदूंवरून ठरतात. एखाद्या नटाने हातातली काठी पुढे धरली, तर सर्वांत उजळ भाग काठीचा होतो आणि नटाचा चेहरा करडा पडतो. मग ५५ टक्क्यांची तीच रेघ त्याच्या खांद्यांवरून जाऊ शकते. टक्केवारी प्रत्येक छायाचित्रासाठी वेगळी पाहावी लागेल.

त्याहून मोठा प्रश्न कडांचा आहे. या फोनचे छायाचित्र ४०३२ × ३०२४ बिंदूंचे असते, तर डेप्थ मॅप केवळ ७६८ × ५७६ चा, म्हणजे खोलीच्या एका बिंदूखाली छायाचित्राचे सुमारे २८ बिंदू झाकले जातात. सुटे केस, गजऱ्याची फुले, कानातल्याची साखळी यांना त्यात जागाच नाही. शिवाय ही खोली दोन भिंगांच्या दृश्यांत तीच वस्तू किती सरकलेली दिसते त्यावरून काढलेली असते. माणसाच्या कडेलगतची पार्श्वभूमीची एक पट्टी एकाच भिंगाला दिसते, तिथले अंतर मोजता येत नाही आणि ती उणीव शेजारचे आकडे पसरवून भरली जाते. आकृतीच्या एका बाजूला बांबूची हिरवी झालर राहिलेली दिसली, तर तिचे कारण बहुधा हेच असते.

सागरवाट: हे सारे जुन्या फोनचे दोष आहेत. लायडार असलेला प्रो फोन घेतला तर अंतर लेझरने मोजले जाते आणि कडा अचूक येतात.

मृद्गंध: अंतर लेझरने मोजले जाते हे खरे आहे, परंतु लायडारचे ठिपके विरळ असतात. मंद प्रकाशात फोकस साधायला त्यांची चांगली मदत होते, मात्र केसाच्या बटेवर ठिपका पडेलच असे नाही. आणि केतकीताईंची छायाचित्रे घेऊन झालेली आहेत.

आजोळ: मी भाचीच्या बारशाची पोर्ट्रेट छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून मागवली, तर त्यांत डेप्थ मॅप सापडलाच नाही. माझ्या फोनमध्ये दोष असावा का?

हरिहर: दोष फोनचा नाही. तिथे छायाचित्र म्हणून पाठवलेली फाइल नव्याने दाबून जेपीजी होते आणि सोबतची खोली गळून पडते. मूळ फाइल केबलने घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा.

केतकी: हरिहर यांच्या आज्ञा दोन छायाचित्रांवर चालवल्या. साडीचा काठ आणि बांबू खरोखरच वेगळे झाले, तेही रंग एकसारखे असताना. मात्र कमरेवर हात ठेवलेल्या नटीच्या कोपरामधल्या मोकळ्या जागेत बांबू तसाच राहिला आणि केसांच्या जागी गुळगुळीत टोप घातल्यासारखे दिसते.

मृद्गंध: म्हणूनच डेप्थ मॅपने निवडावे, त्याने कापू नये असे माझे मत आहे. मास्क आत आकसून निश्चित माणूस ठरवा, बाहेर फुगवून निश्चित पार्श्वभूमी ठरवा, आणि मधल्या वीसेक बिंदूंच्या पट्ट्यातच मूळ छायाचित्र पाहून कडा सुधारा. कोपरातली पोकळी तेवढी हातानेच काढावी लागेल. फोनवर आयओएस १२ किंवा पुढची आवृत्ती असताना छायाचित्रे घेतली असतील, तर `--with-aux` मुळे `portraiteffectsmatte` नावाचे आणखी एक चित्र निघालेले असेल. ते २०१६ × १५१२ चे असते, माणसाची आकृती ओळखून केलेले असते आणि केस त्यात पुष्कळ बरे येतात.

हरिहर: ते चित्र फक्त माणसांसाठी असते, हे लक्षात घ्यावे. नटाच्या हातातली ढाल किंवा तंबोरा त्यात अर्धवट तुटू शकतो, तर खोलीला वस्तू आणि माणूस सारखेच. स्मरणिकेत प्रत्येक छायाचित्र दोन इंच रुंदीचे छापले जाणार असेल, तर इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईला ६०० बिंदू पुरतात, आणि त्या आकारात केसांची बट कोणाच्या नजरेस पडेल, असे मला वाटत नाही.

मृद्गंध: बट दिसणार नाही, पण टोप दिसेल.

केतकी: दुसरे चित्र सापडले. त्यात केस उत्तम आहेत, पण तंबोऱ्याची दांडी नाही, डेप्थ मॅपमध्ये मात्र ती आहे. त्या छायाचित्रासाठी दोन्ही मास्क एकत्र करून पाहते, मात्र दांडीभोवतीची हिरवी झालर कशी घालवावी हे अजून कळलेले नाही.