जुन्या कार्डाची बाकी नव्या कार्डावर वळवली, तरी जुन्यावर व्याज लागलं. भरू की भांडू?

रामबागची_मीनल
नमस्कार. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे कार्डावर ६०,००० थकले होते, महिना ३.५ टक्के व्याजाने. दुसऱ्या बँकेच्या कार्डावर ६ हप्त्यांची योजना मिळाली: महिना १.२ टक्के, घटत्या बाकीवर, प्रोसेसिंग फी २ टक्के. मी घेतली.
नव्या कार्डावर १७ तारखेला ६०,००० नावे पडले, खाली फी १,२०० आणि जीएसटी २१६. जुन्या कार्डावर ते १९ तारखेला जमा झाले. मला वाटलं सुटले. आणि काल, १२ तारखेला, जुन्या कार्डाचं स्टेटमेंट आलं: व्याज ४८३, जीएसटी ८७. एकूण ५७० रुपये कसले? भरू का? आणि ते कार्ड बंद करावं का?

सुदामानगर_प्रसाद
भरू नका. पूर्ण बाकी फेडली म्हणजे व्याज संपलं, जुन्या बँकेची सरळ चूक आहे, तक्रार करा. शिवाय १७ ते १९ या दोन दिवसांचं व्याज दोन्ही बँका लावणार, तेही विचारा.

बडोदेकर_७२
आम्ही होम लोन दुसरीकडे नेलं तेव्हा घराचे मूळ कागद परत मिळायला फार त्रास झाला. कागदांची पोच आधी लेखी घ्या.

रामबागची_मीनल
काका, हे घराचं कर्ज नाही हो, क्रेडिट कार्डाची बाकी आहे.

छावणीतले_काका
मीनलताई, मी कार्ड विभागात बरीच वर्षं काम केलं आहे. ५७० भरून टाका, ती चूक नाही.
मागचं स्टेटमेंट १२ तारखेचं, त्यात व्याज त्या दिवसापर्यंतचं. पैसे जमा झाले १९ ला. मधले सात दिवस ६०,००० तुमच्याच नावावर होते. महिना ३.५ म्हणजे वर्षाला ४२ टक्के: ६०,००० वर सात दिवसांचे ४८३, त्यावर १८ टक्के जीएसटी ८७. आकडा बरोबर जुळतो. बाकी थकलेली असली की व्याज रोज चढतं, ते पुढच्या स्टेटमेंटला दिसतं. जे वळवलं ते १२ तारखेपर्यंतचं होतं, हे सात दिवसांचं त्यात नव्हतं. न भरता ठेवलंत तर याच ५७० वर उशिराचा दंड बसेल.
प्रसादरावांचं दोन दिवसांचं म्हणणं मात्र खरं आहे. पैसे नव्या बँकेतून निघाले आणि जुन्या बँकेत नोंदले गेले, यात वेळ जातो. तेवढे दिवस दोन्हीकडे व्याज चालतं.
आता नव्या कार्डाचं स्टेटमेंट नीट बघा, खरी काळजी तिथे आहे. ६०,००० ची नावे नोंद दिसेल, पण हप्त्यांत वळवल्याची तेवढीच जमा नोंदही दिसायला हवी. मग एकूण देय रकमेत फक्त हप्ता यायला हवा: साधारण १०,४२५, त्यातल्या व्याजावरचा जीएसटी वेगळा. पहिल्या महिन्याचं व्याज ७२०, म्हणून जीएसटी १३०. फी आणि तिचा जीएसटी पहिल्याच स्टेटमेंटला पूर्ण. देय रकमेत सगळे ६०,००० दिसले तर हप्ते झालेच नाहीत असं समजून त्याच दिवशी फोन करा.

मल्हारगंजचा_निखिल
माझं उलट झालं होतं. अर्ज केला, जुन्या कार्डाची शेवटची तारीख चार दिवसांवर होती, मी म्हटलं पैसे येतीलच. आले सहाव्या दिवशी. दंड लागला. किमान रक्कम तरी आपण भरायला हवी होती.

रामबागची_मीनल
काका, खूप आभार. मग हा व्यवहार फायद्याचा झाला ना?

छावणीतले_काका
तुम्ही ६ महिने घेणार असाल तर हो. जुन्याच कार्डावर दर महिन्याला १०,००० मुद्दल फेडत गेला असतात तर व्याज आणि जीएसटी मिळून ८,६७३ गेले असते. इथे फी धरून ४,४२५ च्या आसपास. पण पुढच्याच महिन्यात सगळं फेडणार असतात तर जुन्यावर २,४७८ गेले असते आणि इथे १,४१६ फी आणि साधारण ८५० व्याज, म्हणजे २,२६६. दोनशे रुपयांसाठी एवढी धावपळ. शिवाय बऱ्याच योजनांत मुदतीआधी हप्ते बंद केले तर वेगळा आकार असतो, तो तुमच्या अटींत बघा.
आणि नव्या कार्डावर खरेदी करायची तर एकूण देय रक्कम पूर्ण भरा. किमानच भरली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

सुदामानगर_प्रसाद
सात दिवसांचा हिशोब मला ठाऊक नव्हता, मागे घेतो. जुनं कार्ड मात्र बंदच करा, हातात राहिलं की पुन्हा वापरलं जातं.

छावणीतले_काका
मी ठेवीन. जुनं कार्ड बंद केलं की एकूण मर्यादा कमी होते आणि तीच बाकी मर्यादेच्या मानाने जास्त दिसते, स्कोअरला ते बरं नाही. हप्ते संपेपर्यंत तरी थांबा. वार्षिक फी मोठी असेल तर वेगळा विचार.

रामबागची_मीनल
५७० आत्ताच भरले. नव्याचं स्टेटमेंट २० तारखेला येतं, जमा नोंद दिसली की इथे लिहिते. जुन्याची वार्षिक फी ५०० आहे, कार्डाचं अजून ठरत नाही.