मॉक्युमेंटरी: संवाद लिहून काढावेत की नुसता आराखडा? आणि विडंबन मधेच का सुटतं?

तन्मयी
माध्यम अभ्यासाच्या वर्गासाठी आठ मिनिटांची मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाचं सोंग घेतलेली काल्पनिक विनोदी फिल्म, करतोय. वर्गातलं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे आणि ते तसंच राहावं म्हणून तिघांची 'घड्याळ समिती' झटते. शेवटी कुणीतरी ते बरोबर लावतं. पहिली तीन मिनिटं वाचताना छान वाटतात, पुढे ते साधं प्रहसन होतं. गटात दोन तट पडलेत: सगळे संवाद लिहा विरुद्ध फक्त मुद्दे लिहा. तुमचं मत?

फूटेजकर
संवाद लिहू नका. नवखा नट पाठ केलेलं वाक्य बोलतो तेव्हा पूर्णविराम ऐकू येतो. खरा माणूस मुलाखतीत वाक्य अर्धं सोडतो, मागे येतो, शब्द शोधतो. 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) या मॉक्युमेंटरीतले बहुतेक संवाद नटांनी चित्रीकरणाच्या वेळीच रचले होते. प्रत्येक पात्राला तीन गोष्टी द्या: त्याला काय हवंय, तो काय लपवतोय आणि कोणती एक गोष्ट त्याला ठामपणे चुकीची माहीत आहे. मग सहा प्रश्न तीन फेऱ्यांत विचारा. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज कापला जाणार, म्हणून उत्तरातच प्रश्न यायला हवा. 'हो, मीच' हे उत्तर संकलनात निरुपयोगी. 'घड्याळाची किल्ली माझ्याकडे असते' हे चालतं.

सई
हिशोब करा. तीन पात्रं, सहा प्रश्न, तीन फेऱ्या म्हणजे ५४ उत्तरं. चाळीस सेकंदांचं एक धरलं तरी ३६ मिनिटं, आणि त्यातली वापरणार फार तर अडीच-तीन. हे सगळं ऐकून, वेळेसकट टिपून ठेवणार कोण? हातात अख्खं सत्र असेल तर गोष्ट वेगळी.

माझा खरा आक्षेप मात्र दुसराच आहे. सुचेल ते बोलायला मोकळीक दिली की कुणीतरी हशा मिळवायला म्हणतो, 'आम्हालाही माहितीये हे वेडेपणाचं आहे.' त्या एका वाक्याने विडंबन संपतं. समितीला ती सात मिनिटं जीव की प्राण असायला हवीत. म्हणून मुलाखती मुद्द्यांवर चालतील, पण निवेदन आणि समितीच्या बैठका शब्दन् शब्द लिहा. तन्मयी, चौथ्या मिनिटाला कोणता प्रसंग आहे?

तन्मयी
समिती रिकाम्या वर्गात दार लावून पहाऱ्याच्या पाळ्या ठरवते. कुजबुज आहे. एकदा अध्यक्षाचा चेहरा, एकदा सचिवाचा, असं आलटून पालटून.

अनंतराव
तिथेच सुटतंय. दार लावलेल्या खोलीत कॅमेरा शिरला कसा? आणि शिरला तर माणसं कुजबुजतात कुणापासून? शिवाय अध्यक्ष बोलताना त्याचा चेहरा आणि पुढच्याच क्षणी ऐकणाऱ्या सचिवाचा, हे एका कॅमेऱ्याला जमत नाही. त्यासाठी दोन कॅमेरे लागतात किंवा प्रसंग पुन्हा घडवावा लागतो. ही कथापटाची पद्धत झाली. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण माहितीपट पाहतोय ही त्याची खात्री त्या कटला जाते. उरतं ते तुम्ही म्हणता ते प्रहसन.

संहितेआधी अर्धं पान लिहा: चित्रीकरण कोण करतंय, कशासाठी, कॅमेरे किती, पथक किती दिवस तिथे आहे, निवेदकाचा समितीवर विश्वास आहे का. मग प्रत्येक प्रसंगाला एकच प्रश्न विचारा: हे या पथकाला दिसलं असतं का?

तुमचा प्रसंग असा वळवता येईल. समिती पथकाच्या तोंडावर दार लावते. कॅमेरा बाहेर, काचेतून नुसती हलणारी डोकी. पण अध्यक्षाच्या कॉलरला सकाळच्या मुलाखतीचा माईक तसाच राहिलाय, त्यामुळे कुजबुज स्पष्ट ऐकू येते. मग अध्यक्षाच्या लक्षात येतं, शर्टाची खसखस होते आणि आवाज बंद. संवाद तेच राहतील, पण आता ती चोरून ऐकलेली गोष्ट आहे. मात्र आधीच्या मुलाखतीत माईक लावतानाचा दोन सेकंदांचा शॉट ठेवा, नाहीतर ही युक्ती ऐनवेळी आणल्यासारखी वाटेल.

रोहित_कॅमेरा
एवढा विचार कशाला? कॅमेरा हातात धरा, थोडा हलू द्या, मधेच चेहऱ्यावर झपकन झूम करा. लगेच माहितीपट वाटतो.

अनंतराव
रोहित, झूम हवाच, पण त्याला कारण लागतं. कॅमेरावाल्याला पुढे काय होणार ते माहीत नसतं, म्हणून तो अर्धा सेकंद उशिरा पोचतो. सचिव बोलायला लागल्यावर कॅमेरा वळायला हवा. आधीच वळून तयार असेल तर त्याने संहिता वाचलीय हे दिसतं. आणि स्थिर मुलाखतीत कॅमेरा हलवू नका, तिथे तो तिपाईवर असतो.

मधुरा
आमच्या गटाचा असाच प्रकल्प आहे. आम्ही खऱ्या शिक्षकांना काही न सांगता खोट्या समितीबद्दल विचारणार आहोत. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतील. हे चालेल ना?

सई
मधुरा, ती मॉक्युमेंटरी नव्हे, ती फिरकी. मॉक्युमेंटरीत सहसा पडद्यावरच्या सगळ्यांना खेळ ठाऊक असतो. संमती न घेता शिक्षकांना त्यात ओढू नका. शिवाय खरा चकित चेहरा आणि अभिनय शेजारी आले की अभिनय उघडा पडतो.

तन्मयी, आणखी एक जागा तपासा. मुलाखती घड्याळ दुरुस्त होण्याआधीच्या की नंतरच्या? तिघे एकाच शर्टात, एकाच भिंतीसमोर असतील तर सगळ्या मुलाखती एका दिवशीच्या वाटतात. तो दिवस शेवटानंतरचा असेल, तर दुसऱ्या मिनिटाला अध्यक्ष 'आम्ही ते जपतो' म्हणू शकत नाही, 'जपत होतो' म्हणेल, आणि शेवट तिथेच फुटेल. मुलाखतीचे दोन दिवस ठेवा: आधीचा आणि नंतरचा. कपडे आणि बसायची जागा बदला, संहितेत प्रत्येक उत्तरापुढे 'आ' किंवा 'नं' लिहा.

आणि मुलाखतीच्या चौकटीत ते घड्याळ टांगू नका. उत्तरांची अदलाबदल केलीत की एका कटमध्ये ११:१२, पुढच्यात ११:०५ दिसेल. तुमच्या विषयात प्रेक्षक काट्यांकडेच बघत असणार.

फूटेजकर
माईकचा मुद्दा मान्य. पण नियम शेवटपर्यंत तसूभर हलायचा नाही, हे पटत नाही. 'मॅन बाइट्स डॉग' (१९९२) मध्ये चित्रीकरण करणारं पथकच हळूहळू गुन्ह्यात सामील होतं, तोच त्या सिनेमाचा गाभा. इथेही शेवटी पथकातल्याच कुणीतरी घड्याळ बरोबर लावावं. त्यांना वेळेत निघायचं असतं.

अनंतराव
चालेल, पण मग पायऱ्या हव्यात. दुसऱ्या मिनिटाला पथकातलं कुणीतरी कॅमेऱ्यामागून वेळ विचारतं. पाचव्याला घड्याळाखालच्या खुर्चीवर पथकाची बॅग दिसते. सातव्याला हात. एकदम हात आला तर तो चुकून चौकटीत आल्यासारखा वाटेल.

सई
मला अजूनही वाटतं की आठ मिनिटांत हे मावणार नाही. पथक पात्र झालं की त्याला हेतू लागतो, हेतूला वेळ लागतो, आणि तो समितीच्या वाट्यातून जातो. आणि निवेदकाचं काय? बीबीसीच्या 'पॅनोरमा' या वृत्तकार्यक्रमाने १ एप्रिल १९५७ ला झाडावरून स्पॅगेटी तोडतानाचा वृत्तांत दाखवला, तेव्हा निवेदन रिचर्ड डिंबल्बी या मान्यवर वृत्तनिवेदकाचंच होतं, नेहमीच्या गंभीर आवाजात. कितीतरी प्रेक्षकांना ते खरं वाटलं. तुमच्या निवेदकाला पथकाने काय केलं ते कळलं, तर त्याचा आवाज तसाच राहील का? आधी तेवढं ठरवा, मग हात दाखवा.

तन्मयी
निवेदकाला कळलेलंच नाही असं करते. शेवटच्या शॉटमध्ये तो नेहमीच्याच सुरात वेळ सांगेल, सात मिनिटं पुढची. पथकाच्या हाताबद्दल गटात उद्या मत घेते. बैठकीचा प्रसंग दाराबाहेरून लिहायला घेतलाय.