पत्रात प्रश्न रेघेचा विचारा

‘नव्या करारातल्या १ तीमथ्य ३:१६ मध्ये काही ग्रीक प्रतींत ‘देव’ आहे, काहींत ‘जो’. विद्यापीठातल्या प्राध्यापकांना पत्रात नेमकं काय विचारू?’

‘बरोबर कोणतं?’ एवढंच विचारू नका, त्याचं उत्तर पुस्तकभर होईल. प्रश्न एका हस्तलिखितावर आणा. मी आलेक्सांद्रीय हस्तलिखित निवडेन. ते पाचव्या शतकातलं, सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

जुने लेखनिक ‘थेऑस’ (देव) पूर्ण लिहीत नसत. थीटा, सिग्मा आणि वर आडवी रेघ, बस्स. ‘जो’ म्हणजे ओमिक्रॉन आणि सिग्मा. ओमिक्रॉन हे नुसतं वर्तुळ, त्याच्या पोटात रेघ ओढली की थीटा. म्हणजे सगळा वाद दोन बारीक रेघांचा! अठराव्या शतकात वेटस्टाइन या अभ्यासकांनी दाखवलं की पोटातली रेघ पानाच्या पाठीमागच्या अक्षराची असून चर्मपत्रातून दिसते. आज बहुतेक अभ्यासक इथला मूळ पाठ ‘जो’ मानतात आणि ‘देव’ ही नंतरच्या हाताची दुरुस्ती. सायनाय या दुसऱ्या जुन्या हस्तलिखितातही मूळ ‘जो’च आहे; ‘देव’ करणारी अक्षरं दुरुस्ती करणाऱ्याने ओळीच्या वर लिहिली.

सोलापुरात आमच्या अभ्यासवर्गात हा मुद्दा निघाला, तेव्हा मी असा मसुदा केला होता:

‘आदरणीय सर, आलेक्सांद्रीय हस्तलिखितात या वचनातली वरची रेघ मूळ शाईची आहे की नंतरच्या हाताची, हे शाईच्या रंगावरून ठरतं का? ‘जो’ला जवळपास पूर्वपद नाही, मग अवघड पाठ जुना, हा नियम इथे किती लागू करावा?’

तुम्ही कोणती छापील ग्रीक आवृत्ती पाहिली, तेही लिहा.